पहिलीचं पुठ्ठ्याचं घड्याळ: आदल्या रात्रीची तयारी

घड्याळ मुलांनी करायचं असलं तरी गोल आदल्या रात्री आपणच कापून ठेवायचे. खोक्याचा पुठ्ठा सहा वर्षांच्या हाताला कापवत नाही. ताटली उपडी ठेवून साधारण 20 सेंटिमीटरचा गोल आखा. तेवढ्याच मापाचा वर्तमानपत्राचा एक गोल प्रत्येक मुलासाठी घ्या. तो निम्मा दुमडायचा, त्या अर्ध्याचे तीन सारखे भाग करून दुमडायचा आणि पुन्हा एकदा निम्मा. उलगडला की बारा घड्या दिसतात. तो पुठ्ठ्यावर चिकटवून आधी 12, 6, 3, 9 लिहून घ्या. एका वर्षी मी हे टाळलं. मुलांनी 1 पासून सुरुवात केली, 7 लाच गोल भरला आणि उरलेले पाच आकडे बसमधल्यासारखे एकमेकांना खेटून उभे राहिले.

काटे दोन कापा, पण पहिल्या दिवशी फक्त आखूड तासकाटा लावा, मिनिटकाटा पाकिटात राहू दे. मुलांच्या हिशेबी मोठा काटा म्हणजे मोठी गोष्ट, त्यामुळे तास त्यावरच वाचला जातो. पाय फाकवायची पितळी पिन नसेल तर जाड दोरा ओवून मागेपुढे एकेक बटण बांधा. घड्याळ उभं धरल्यावर काटा आपोआप खाली घसरला, तर दोरा आवळा.

दिनक्रमाची चित्रं चारच पुरेत: उठणं, शाळेत जाणं, शाळा सुटणं, झोपणं. घड्याळ बाजूला ठेवून आधी नुसता क्रम लावून घ्या, मग प्रत्येक चित्राला काटा फिरवा. सकाळी सातला उठणारं मूल संध्याकाळी सातला जेवत असेल, तर काटा दोन्ही वेळा एकाच जागी येतो आणि वाद होतो. म्हणून चित्राच्या कोपऱ्यात सूर्य किंवा चंद्र काढून ठेवा.

खरी अडचण साडेतीनला येते. खऱ्या घड्याळात तासकाटा हळूहळू सरकत असतो. पुठ्ठ्याचे काटे एकमेकांशी जोडलेले नसतात. मूल मिनिटकाटा 6 वर नेतं आणि तासकाटा 3 वरच सोडतं. मिनिटकाटा हाताने झाकून विचारा, "आता किती वाजले?" उत्तर "तीन" आलं, की काटा 3 आणि 4 च्या मधोमध न्यायला लावा. पावणेचारला तो 4 च्या अगदी जवळ हवा. नावात चार आहेच, तेवढा आधार पुरतो. दीड आणि अडीचसाठी मात्र वेगळ्या चिठ्ठ्या करा, नाहीतर वर्गभर "साडेएक" आणि "साडेदोन" वाजत राहतात.