पर्सेंटाइल काढताना या चुका टाळा (आणि आधी त्याला टक्के म्हणणं सोडा)

सदाशिव पेठेतल्या माझ्या क्लासच्या दारावर एक पाटी आहे: 'पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. भांडायला येण्यापूर्वी ही पाटी दोनदा वाचावी.' ती लावण्यामागे एक बाबा आहेत.

त्यांच्या मुलीला पहिल्या चाचणीत 50 पैकी 36 मिळाले. म्हणजे 72 टक्के. वर्गात वीस मुलं, त्यांतल्या सतरा जणांना 36 किंवा त्याहून कमी, म्हणून पर्सेंटाइल 85. बाबांनी नातेवाइकांत '85 टक्के पडले' असं सांगून टाकलं. पुढचा पेपर मी जरा सोपाच काढला. मुलीला 41 मिळाले, म्हणजे 82 टक्के, पण पर्सेंटाइल आलं 60. भर पावसात, छत्री न मिटताच बाबा आत आले. "सर, मार्क वाढले आणि टक्के 25 ने कमी झाले? तुमची यादी चुकली आहे."

यादी बरोबर होती. पेपर सोपा म्हटल्यावर सगळ्यांचेच मार्क वाढले आणि आठ जण तिच्या पुढे गेले. टक्के काढताना मार्कांना पेपरच्या एकूण मार्कांनी भागतात, तिथे बाकीच्या मुलांचा संबंधच येत नाही. पर्सेंटाइल काढताना मुलं मोजायची असतात, पेपर 50 चा होता की 200 चा, हे त्या गणितात कुठेच येत नाही. बाबांना हे पटायला दोन कप चहा लागला, आणि नातेवाइकांना काय सांगायचं हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही.

आता काढायचं कसं ते पाहू. पहिल्या चाचणीची यादी अशी होती:

12, 17, 19, 21, 23, 24, 26, 26, 27, 28, 28, 28, 30, 31, 33, 34, 36, 38, 41, 46

28 मार्कवाल्याचं पर्सेंटाइल काढू. मी यादी चढत्या क्रमाने कागदावर लिहितो, 28 ला गोल करतो आणि बोटाने मोजतो: खाली 9, बरोबरीत 3, वर 8. बेरीज 20 आली तरच पुढे जातो. हे मोजणं कंटाळवाणं वाटतं म्हणून मुलं थेट कॅल्क्युलेटरकडे धावतात आणि तिथेच फसतात.

बरोबरीतल्या तिघांचं काय करायचं, यावर उत्तर ठरतं. फक्त खालचे धरले तर 9/20, म्हणजे 45. बरोबरीतले सगळे धरले तर 12/20, म्हणजे 60. निम्मे धरले तर 10.5/20, म्हणजे 52.5. तिन्ही पद्धती चालतात, पण एका यादीत एकच पद्धत वापरायची. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटीमध्ये 'तितके किंवा त्याहून कमी' मार्क असलेले, त्याच सत्रात परीक्षा दिलेले विद्यार्थी मोजतात, म्हणून मीही तीच धरतो. एक्सेलमधलं `PERCENTRANK.INC` मात्र इथे 0.473 दाखवतं, कारण ते 9 ला 20 ने न भागता 19 ने भागतं. 'सर, एक्सेल वेगळं सांगतंय' ही तक्रार घेऊन दरवर्षी कुणीतरी येतंच.

बरोबरीतल्या मार्कांचा खरा घोळ मात्र पेपर तपासायला आलेल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराने घातला. 'तेच तेच आकडे कशाला' म्हणून त्याने `Remove Duplicates` दाबलं. एक 26 आणि दोन 28 उडाले. यादीत 17 आकडे उरले आणि 28 वाल्याचं 60 चं 52.9 झालं. अहो, ते आकडे नव्हते, तीन मुलं होती! तेव्हापासून यादी हातात आली की मी आधी हजेरीपट काढून डोकी जुळवतो. गैरहजर मुलं एकूण संख्येत धरू नका, शून्य देऊन तर मुळीच नाही. तीन गैरहजर शून्यावर आत आले तर 12/20 चं 15/23 होतं आणि 60 चं 65.2.

दोन चाचण्यांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढू नका. त्याचं कारण याच यादीत दिसतं. 26 वरून 28 वर गेलं की पर्सेंटाइल 40 वरून 60 होतं, दोन मार्कांत वीस. 41 वरून 46 वर जायला पाच मार्क लागतात आणि पर्सेंटाइल 95 वरून 100 होतं, म्हणजे फक्त पाचने वाढतं. मधे गर्दी असते, टोकाला तुरळक माणसं. '95 च्या पुढे पाचच तर हवेत' असं म्हणणाऱ्या मुलाला मी ही यादी देतो आणि त्या पाचांत किती मुलं आहेत ते मोजायला सांगतो.

एकच असतं.