मध्यस्थाच्या खुर्चीत बसण्याआधी

समजा, मध्यस्थीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तुम्हाला मध्यस्थ व्हायचं आहे आणि असं प्रकरण हातात पडलं: वडील वारले, आई हयात आहे, दोन भाऊ गावाकडे तीन एकर बागायत कसतात आणि बहीण पुण्यात राहते. वारसनोंदीत तिचंही नाव सातबाऱ्यावर लागलं. भावांना आता तिच्याकडून हक्कसोडपत्र हवं आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याला हे वाचताक्षणी उत्तर दिसतं, मुलीचा वाटा मुलाइतकाच. ते उत्तर घेऊन खोलीत शिरू नका. गुण निवाड्याला नसतात, तिघांशी तुम्ही कसं वागलात याला असतात.

आधी खुर्च्या बघा. दोन भाऊ एका बाजूला आणि समोर एकटी बहीण, अशी मांडणी झाली की मध्यस्थी सुरू होण्याआधीच कलते. सुरुवातीचं निवेदन स्वतःच्या शब्दांत तीन-चार मिनिटांचं बसवा: मी न्यायाधीश नाही, इथे राहणं तुमच्या मर्जीवर आहे, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, गरज पडली तर प्रत्येकाशी वेगळं बोलेन. मग एक प्रश्न न विसरता विचारा, ‘आज इथे नसलेल्या कुणाची सही लागेल का?’ आईही वारस आहे, आणि ती खोलीत नाही. हे शेवटच्या पाच मिनिटांत सुचलं तर सगळी तडजोड अधांतरी राहते.

सर्वात जास्त सराव खासगी बैठकीचा करा, कारण चांगली तयारी केलेले विद्यार्थीही इथेच घसरतात. बहीण म्हणते, ‘पाच लाखांवर थांबेन, पण दादाला सांगू नका. गणपतीला बोलावणंसुद्धा बंद केलंय त्यांनी.’ तुम्ही भावांकडे जाता आणि सहज म्हणता, ‘ताई थोड्या खाली येतील असं वाटतं.’ आकडा सांगितला नाही, तरी गुपित फुटलं. परीक्षकांकडे प्रत्येकाची गुप्त माहिती असते, त्यामुळे ते त्यांना लगेच कळतं. म्हणून एका कागदावर दोन रकाने आखा, ‘सांगायची परवानगी’ आणि ‘माझ्यापाशीच’. बैठक संपवण्यापूर्वी दरवेळी विचारा, ‘यातलं काय पलीकडे नेऊ?’ पैशांचा आकडा नको, पण गणपतीचं सांगा, असं ती म्हणू शकते. बहुधा तिथूनच गाठ सुटायला लागते.

कायदा आणायचाच, तर याच बैठकीत, आणि प्रश्न म्हणून. भावांना विचारा, ‘ताईंनी वाटपाचा दावा लावला तर काय होईल, असं तुमचे वकील म्हणतात?’ तितकाच अवघड प्रश्न बहिणीसाठीही तयार ठेवा, ‘दावा वर्षानुवर्षं चालला तर तोवर तुमच्या हातात काय असेल?’ दोन्ही बाजूंना वेळही साधारण सारखा द्या.

समझोता लिहिताना ‘योग्य रक्कम देतील’ असलं वाक्य टाळा. कोण, किती, कोणत्या तारखेपर्यंत, आणि हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे कधी नोंदवायचं, ते लिहा. वेळ संपली तर सहीसाठी घाई करू नका. काय ठरलं, काय उरलं ते वाचून दाखवा आणि आईला घेऊन यायची पुढची तारीख मागा.