लाईट आल्यावर प्रिंटरचा आयपी बदलू नये म्हणून

खानापुरातलं एखादं झेरॉक्सचं दुकान घ्या. पावसाळ्यात लाईट गेली, अर्ध्या तासाने आली. कॉम्प्युटर सुरू झाला, वायफाय आलं, प्रिंटरचा दिवा लागला, उतारा काढायला चार माणसं समोर उभी आहेत आणि स्क्रीनवर प्रिंटरच्या नावाखाली Offline दिसतंय. प्रिंटर बिघडलेला नसतो. सकाळी त्याचा आयपी, म्हणजे जाळ्यातला त्याचा नंबर, 192.168.0.104 होता, आता तो 192.168.0.101 झालाय आणि कॉम्प्युटर अजून 104 लाच कागद पाठवत बसलाय.

आयपी वाटण्याचं काम राउटर करतो, तेही मुदतीच्या बोलीवर. कुणाला कोणता दिला याची यादी बऱ्याच स्वस्त राउटरांत लाईट गेली की पुसली जाते. मग लाईट आल्यावर जो आधी मागेल त्याला पहिला मोकळा नंबर मिळतो. कॅमेऱ्याचंही तेच होतं. फोनमधलं अ‍ॅप बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालतं, म्हणून ते बिनबोभाट चित्र दाखवतं. पण रेकॉर्डिंगच्या डब्यात कॅमेरा आयपीने जोडला असेल, तर त्या चौकोनात काळं दिसतं.

यावर सर्रास मिळणारा सल्ला असा, की प्रिंटरच्याच मेनूत जाऊन आयपी Manual करा आणि 104 टाका. हे करू नका. राउटरला त्याचा पत्ताच नसतो. रात्री प्रिंटर बंद असताना राउटर तो 104 कुणाच्या तरी फोनला देऊन मोकळा होतो. सकाळी एकाच नंबरवर दोघे येतात आणि कधी प्रिंट निघते, कधी नाही. प्रिंटर आणि कॅमेरा दोन्ही Auto किंवा DHCP वरच, म्हणजे आयपी आपोआप मागून घेण्यावरच ठेवायचे आणि नंबर राउटरमध्ये राखून ठेवायचा. कुणी आधी Manual करून ठेवलं असेल, तर पहिल्यांदा ते उलटवा.

आयपी नेमकं कोण वाटतंय?

ही पायरी सोडून पुढे जाणाऱ्यांचंच काम फसतं. दुकानात किंवा घरात साधारण दोन डबे असतात: फायबरवाल्याने भिंतीवर ठोकलेला पांढरा डबा आणि आपण विकत आणलेला राउटर. आयपी वाटण्याची सोय दोघांतही असते. तुम्ही एकात नंबर राखून ठेवला आणि प्रिंटरला आयपी दुसऱ्याने दिला, तर तुमची नोंद कितीही बरोबर असली तरी कामाची नाही.

कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे टाका:

```
ipconfig /all
```

कॉम्प्युटर वायफायवर असेल तर वायफायचा, केबलवर असेल तर केबलचा भाग बघा. त्यात DHCP Server अशी ओळ असते. तिच्यापुढचा नंबर म्हणजे वाटणारा डबा. आता त्याच्या शेजारी Default Gateway बघा, म्हणजे ज्याच्यातून कॉम्प्युटर इंटरनेटवर जातो त्या डब्याचा नंबर. दोन्ही नंबर एकच असतील तर ठीक. वेगळे असतील तर गडबड आहे. प्रिंटरवरून नेटवर्क रिपोर्ट छापा, त्यातही गेटवे दिलेला असतो. कॉम्प्युटरचा गेटवे 192.168.0.1 आणि प्रिंटरचा 192.168.1.1 असेल, तर दोघे दोन वेगळ्या डब्यांवर बसलेत. अशा वेळी आधी प्रिंटर कॉम्प्युटरच्याच डब्यावर आणा, आयपी राखून ठेवायचं नंतर बघू.

सगळ्यात फसवं प्रकरण असतं ते फायबरच्या डब्याची केबल आपल्या राउटरच्या LAN भोकात घातलेली असते तेव्हा. इंटरनेट चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण आता एकाच जाळ्यात दोन वाटणारे झाले. प्रिंटर आयपी मागतो तेव्हा दोघेही उत्तर देतात आणि बहुधा ज्याचं आधी पोचेल ते घेतलं जातं. मग राखून ठेवलेला नंबर सोमवारी मिळतो, मंगळवारी मिळत नाही, बुधवारी परत मिळतो. हे ओळखायचं असेल तर खालच्या दोन कमांड चार-पाच वेळा चालवा आणि दर वेळी वरच्या कमांडने DHCP Server ची ओळ बघा. नंबर बदलत राहिला तर वाटणारे दोन आहेत. तो एकसारखाच आला तरी खात्री समजू नका, केबल कुठे गेलीय ते डोळ्यांनी बघा.

```
ipconfig /release
ipconfig /renew
```

यावर आमचं मत ठाम आहे: वाटणारा एकच ठेवा, आणि तो आपला राउटर असू द्या. फायबरवाल्याचा डबा कधी बदलून जाईल सांगता येत नाही, त्याबरोबर तुमच्या नोंदीही जातात. शिवाय बऱ्याच डब्यांचा पासवर्ड आपल्याला दिलेला नसतो. फायबरच्या डब्यातून येणारी केबल आपल्या राउटरच्या WAN भोकात घाला; ते सहसा वेगळ्या रंगाचं असतं. कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे सगळे आपल्या राउटरवर घ्या आणि पांढऱ्या डब्याचं वायफाय बंद करा. बंद करता येत नसेल, तर निदान त्याचं नाव-पासवर्ड प्रिंटरमधून काढून टाका, नाहीतर लाईट आल्यावर तो परत तिकडे चिकटतो. फक्त एक बघा: पांढरा डबा 192.168.1.1 आणि राउटरही 192.168.1.1 असं असेल तर इंटरनेट बंद पडेल. हल्लीचे राउटर बहुधा आपणहून बदल करतात. तसं झालं नाही तर राउटरचा LAN आयपी 192.168.0.1 करा.

मॅक पत्ता: एका प्रिंटरला दोन-तीन असतात

राउटर यंत्राला ओळखतो मॅक पत्त्यावरून. तो सहा जोड्यांचा असतो, 0 ते 9 आणि A ते F. प्रिंटरमागच्या स्टिकरवर लिहिलेला मॅक तसाच उतरवून घेणं ही दुसरी ठरलेली चूक. तो बहुधा केबलच्या भोकाचा असतो. तुमचा प्रिंटर वायफायवर चालत असेल तर त्याचा मॅक निराळा असतो, आणि कधीकधी शेवटच्या एका अक्षराचाच फरक असतो, म्हणून डोळ्याला कळत नाही. शिवाय फोनवरून थेट छापण्याच्या सोयीचा तिसरा असू शकतो. डावीकडून दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल तर तो कारखान्यातून आलेला पक्का मॅक नव्हे, यंत्राने स्वतः बनवलेला असतो; असा मॅक घेण्याआधी थांबा.

सरळ उपाय म्हणजे चालू प्रिंटरचा चालू आयपी घ्या आणि विचारा:

```
ping 192.168.0.104
arp -a
```

यादीत 104 च्या शेजारी, समजा, `00-00-5e-00-53-1a` दिसलं, तर तोच आत्ता वापरात असलेला मॅक. राउटरमध्ये टाकताना मधल्या आडव्या रेघांऐवजी बहुधा दोन टिंबं लागतात: `00:00:5e:00:53:1a`. प्रिंटर नंतर वायफायवरून केबलवर आणलात, तर मॅक बदलेल आणि नोंद नव्याने करावी लागेल.

कॅमेऱ्यांसाठी एक अपवाद. रेकॉर्डरच्या मागच्या भोकांत थेट घातलेले कॅमेरे बहुधा रेकॉर्डरच्या स्वतःच्या छोट्या जाळ्यात असतात. राउटरला ते दिसतच नाहीत, त्यांचे मॅक शोधत बसू नका. तिथे फक्त रेकॉर्डरचा नंबर राखून ठेवायचा.

नोंद

ब्राउझरमध्ये DHCP Server पुढे दिसलेला नंबर, इथे 192.168.0.1, उघडा आणि DHCP च्या पानावर Address Reservation, Static Lease किंवा IP/MAC Binding असं जे असेल ते घ्या. मॅक टाका, आयपी टाका, सेव्ह करा.

आयपी कोणता द्यायचा? राउटर 192.168.0.100 ते 199 मधले वाटत असेल, तर प्रिंटरला 192.168.0.50 आणि कॅमेऱ्याला 192.168.0.60 द्या. वाटपाच्या बाहेरचा नंबर असला की कुणाच्या फोनकडे तो आधीच गेलेला असण्याचा प्रश्न येत नाही. काही राउटर बाहेरचा नंबर घेत नाहीत. तिथे 190 च्या पुढचा द्या, पण आधी जोडलेल्यांच्या यादीत तो मोकळा आहे ना ते बघा.

सेव्ह केल्या केल्या काही बदलत नाही. जुन्या आयपीची मुदत चालू असते, त्यामुळे प्रिंटर 104 वरच राहतो. बटणाने झोपवून चालत नाही. प्लग काढा, अर्ध्या मिनिटाने लावा.

आता कॉम्प्युटरलाही सांगा

इथे पुष्कळ जण हात झटकतात आणि मग म्हणतात, नंबर पक्का करूनही प्रिंट येत नाही. प्रिंटर 50 वर आला, पण विंडोजच्या मनात अजून 104 आहे. प्रिंटरच्या Printer properties मध्ये Ports वर जा. Printing preferences नव्हे, ते निराळं. Add Port, मग Standard TCP/IP Port, मग 192.168.0.50. नव्या ओळीवर खूण ठेवून Apply करा. यादीत WSD लिहिलेली ओळ निवडलेली असेल तर ती सोडाच. तिच्यात विंडोज प्रिंटर स्वतः शोधत बसतो आणि न सापडला की Offline दाखवतो. प्रिंट निघते पण Offline जात नाही असं झालं, तर Configure Port मधली SNMP Status Enabled ही खूण काढा. दुकानात दोन कॉम्प्युटर असतील तर हे दोन्हींवर करा. रेकॉर्डरमध्येही कॅमेऱ्याचा आयपी बदलून 60 करायचा.

लाईट घालवून बघा

मेन स्विच पाडा, दोन मिनिटांनी चढवा. पाच मिनिटं थांबून प्रिंटरचा रिपोर्ट छापा. 50 आला तर झालं. 169.254 ने सुरू होणारा आयपी आला तर नोंद चुकलेली नाही, वेळ चुकलीय: प्रिंटर आधी जागा झाला, राउटर अजून उठायचा होता, विचारून थकल्यावर प्रिंटरने स्वतःच नंबर लावून घेतला. बरेच प्रिंटर थोड्या वेळाने परत विचारतात, काही विचारत नाहीत. जांबोटीकडे दिवसातून तीनदा लाईट जात असेल, तर तीनदा प्लग काढत बसण्यापेक्षा राउटरला छोटा यूपीएस लावा. घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा. काही राउटर 9 व्होल्टचे असतात, काही 12 चे. 9 च्या राउटरला 12 लावले तर तो जळू शकतो. अ‍ॅम्पिअर मात्र अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेत तेवढे किंवा जास्त चालतात.

राउटर कधी रीसेट केला तर सगळ्या नोंदी जातील. म्हणून मॅक आणि आयपी एका चिठ्ठीवर लिहून ती राउटरच्या पोटाला चिकटवून ठेवा.