चॉकलेटचा बार मोडताना वाकतो? या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की नाशकात घरोघरी चॉकलेटच्या ऑर्डरी सुरू होतात, आणि दरवर्षी तीच तक्रार कानावर येते: बार चमकत नाही, मोडायला गेलं की वाकतो. बहुतेकांनी टेम्परिंग, म्हणजे वितळलेलं चॉकलेट ढवळत ठरावीक तापमानापर्यंत गार करणं, टाळलेलं असतं. कोको बटर गोठताना सहा प्रकारचे स्फटिक तयार होऊ शकतात. चमक आणि 'टक्' असा आवाज देणारा त्यातला पाचवा प्रकार, आणि तो आपोआप येत नाही.

गंगापूर रोडच्या एका ताईंनी ऐन एप्रिलमध्ये डार्क चॉकलेट मायक्रोवेव्हमध्ये वितळवलं, साच्यात ओतलं आणि साचे थेट फ्रीझरमध्ये ठेवले. बार छान सुटले. मग ते तापलेल्या स्वयंपाकघरात आले, त्यांना घाम फुटला आणि तसेच फॉइलमध्ये गुंडाळले गेले. दोन दिवसांनी त्या डबा घेऊन आल्या. "बुरशी आली हो!" म्हणाल्या. मी एक बार मोडून दाखवला: आतली कड मऊसर, भुरकट, चमक अजिबात नाही. वरचे राखाडी पट्टे बोटाने चोळल्यावर विरघळून गेले, म्हणजे ती वर आलेली चरबी होती. पाणी बसलेल्या जागा मात्र खरखरीत होत्या आणि चोळूनही जात नव्हत्या. ती ओलाव्यात विरघळून परत सुकलेली साखर. असे बार खायला चालतात, पण विकू नयेत. केकमध्ये वापरून टाकावेत.

माझी पद्धत साधी आहे. ६०० ग्रॅम डार्क चॉकलेट असेल तर ४०० ग्रॅम गरम पाण्यावरच्या भांड्यात ४५ अंशांपर्यंत वितळवते. खालचं पाणी भांड्याला लागू देत नाही. खाली उतरवून उरलेलं २०० ग्रॅम बारीक चिरून थोडं थोडं घालते आणि ३१-३२ अंश होईपर्यंत ढवळत राहते. मिल्क चॉकलेट २९-३० वर थांबवते. गार होताना ३४ च्या वर राहिलं तर घातलेले स्फटिकही वितळतात, मग तुकडे घालून पुन्हा ढवळायचं. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवते. पाचेक मिनिटांत चकचकीत घट्ट झालं, तरच साचा भरते. थर्मामीटर घ्यायचा नाही आणि अंदाजपंचे ओतायचं, ही घाई मला पटतच नाही. उन्हाळ्यात तर एसीच्या खोलीशिवाय हे काम करू नये.

पाकिटावर हायड्रोजनेटेड वनस्पती फॅट लिहिलं असेल तर ते कंपाउंड. त्याला टेम्परिंग लागत नाही, पण तोंडात तसं विरघळतही नाही. ग्राहकाला ते खरं चॉकलेट म्हणून देऊ नका.

वितळलेल्या चॉकलेटमध्ये ओला चमचा नको, दोन थेंबांनीही ते घट्ट होऊन गोळा होतं.

कोको पावडर डाग लपवायला भुरभुरू नका. बार खोलीच्या तापमानाला आला की गाळणीतून हलकेच भुरभुरवा. गार बारवर ती ओल शोषून काळे ठिपके पाडते.

फॉइलही तेव्हाच गुंडाळा. बार मऊ असेल तर घडीच्या रेघा चॉकलेटवर उमटतात. कडा नखाने दाबत दुमडा, मगच वरचा कागद.