मसुद्यातली यंत्राची भाषा काढून तो पुन्हा आपला कसा करावा

हल्ली बरेच जण पत्र किंवा ईमेल आधी एआयकडून लिहून घेतात. व्याकरण बरोबर असतं, शब्द भारी असतात, पण ओळखीच्या माणसाने वाचलं की तो म्हणतो, "हे तू लिहिलेलं वाटत नाही." मग आपण एकेक जड शब्द बदलत बसतो. 'महत्त्वपूर्ण'च्या जागी 'मोठा', 'प्रदान केले'च्या जागी 'दिले'. तरी मजकूर परकाच राहतो, कारण त्या वाक्यांत मुळात सांगण्यासारखं काही नव्हतंच. जिथे माहिती नसते तिथे यंत्र अलंकार भरतं. म्हणून शब्दांपेक्षा आधी त्या रिकाम्या जागा शोधाव्या लागतात.

एक उदाहरण घेऊ. एका मुलीला पुढच्या शिक्षणासाठी कॉलेजातल्या सरांकडून शिफारसपत्र हवं आहे. तिच्या हातात आलेला मसुदा असा:

"आदरणीय सर, मी आशा करतो की हा संदेश आपल्याला उत्तम आरोग्यात आणि आनंदात भेटेल. आपल्या मौल्यवान मार्गदर्शनाने माझ्या शैक्षणिक प्रवासात एक अत्यंत महत्त्वपूर्ण भूमिका बजावली आहे. आपण आम्हाला केवळ विषयच शिकवला नाही, तर विचार करण्याची दृष्टी, जिद्द आणि आत्मविश्वासही प्रदान केला. मी सध्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करत असून, आपले शिफारसपत्र मिळाल्यास तो माझ्यासाठी एक मोठा सन्मान असेल. अधिक माहितीची आवश्यकता असल्यास कृपया मोकळ्या मनाने कळवा."

पहिली पायरी: मसुदा बाजूला ठेवा आणि तोंडाने सांगा

मजकूर न बघता, समोर ते सरच उभे आहेत असं समजून काय हवंय ते बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा. ही मुलगी बहुधा म्हणेल, "सर, मी एमएससीला अर्ज करतेय, शिफारसपत्र लागतंय, वीस जूनच्या आत. द्याल का?" झालं. पत्राचा कणा एवढाच आहे. आता मसुद्यात पाहा: तारीख नाही, कुठल्या वर्षाची विद्यार्थिनी ते नाही, आणि 'द्याल का' हा सरळ प्रश्नही नाही. मसुदा दुसऱ्या कुणाचा असेल, तर हे बोलणं त्या माणसाकडूनच ऐका. आपण अंदाजाने दुरुस्त करायला गेलो की यंत्राचा आवाज जाऊन आपला येतो, पाठवणाऱ्याचा नाहीच.

त्याच व्यक्तीला पूर्वी पाठवलेले दोन-तीन मेसेजही उघडून ठेवा. सरांना ती 'आपण' म्हणते की 'तुम्ही', सुरुवात 'नमस्कार सर'ने करते की आणखी कशाने, हे तिथे दिसेल. तिने आजवर 'तुम्ही'च म्हटलं असेल, तर अचानक आलेला 'आपण' सरांना पहिल्याच ओळीत खटकेल.

दुसरी पायरी: प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा

हेच वाक्य दुसऱ्या कुणी दुसऱ्याच सरांना पाठवलं, तर चालेल का? चालत असेल, तर ते काढा किंवा त्यात फक्त तुम्हालाच ठाऊक असलेली गोष्ट घाला. वरच्या मसुद्यात पहिलं वाक्य सरळ काढता येतं. दुसरं आणि तिसरं मात्र आभाराचं आहे, आणि आभार मानायचे आहेत हे खरं आहे. मग मुलीला विचारायचं: सरांनी नेमकं काय केलं होतं? ती सांगते, प्रकल्पात आकडे चुकले तेव्हा सरांनी सगळे नमुने पुन्हा तपासायला लावले, तेव्हा राग आला होता, पण त्यातूनच काम शिकले. ही आठवण मिळाली की 'दृष्टी, जिद्द आणि आत्मविश्वास' यांची गरज उरत नाही. पत्र लिहायला बसलेल्या सरांनाही तिचा उपयोग होतो, कारण शिफारशीत काय लिहायचं ते त्यांना त्यातूनच मिळतं.

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर द्या. आठवण सापडलीच नाही, तर आभाराचं वाक्य साधं आणि छोटं ठेवा. खोटी आठवण रचू नका, समोरच्या माणसाला ती लगेच कळते.

तिसरी पायरी: वाक्यांची ठेवण तपासा

आता मोठ्याने वाचा आणि जिथे जीभ अडखळते तिथे खूण करा. काही खुणा तर हमखास सापडतात. 'केवळ अमुक नाही, तर तमुकही' हा साचा. तीन-तीन गुणांची रांग. 'एक सन्मान', 'एक संधी' असा कारण नसताना आलेला 'एक'. 'मार्गदर्शनाने भूमिका बजावली' अशी, माणूस सोडून नामांनाच कामाला लावणारी वाक्यं. तिथे 'तुम्ही शिकवलंत' म्हणा. आणि एक चूक नजरेतून सहज निसटते: लिहिणारी मुलगी, आणि मसुद्यात 'आशा करतो'. क्रियापदांची लिंगं शेवटी एकदा ओळीने तपासाच.

एखादा 'अत्यंत' कुणी मनापासून वापरत असेल, तर तो राहू द्या. शब्दांवर बंदी घालण्यापेक्षा हा माणूस असं बोलतो का, एवढंच बघावं. (एरवी भारदस्त बोलणाऱ्या माणसाचं पत्र उगाच पोरकट करून टाकणारेही पाहिलेत.)

या तीन पायऱ्यांनंतरचं पत्र:

"नमस्कार सर, मी २०२१ च्या बॅचची, तिसऱ्या वर्षाला तुमच्याकडे माती परीक्षणाचा प्रकल्प केला होता. मी एमएससीला अर्ज करतेय आणि त्यासाठी शिफारसपत्र लागतं. तुम्ही द्याल का? शेवटची तारीख २० जून आहे. माझे आकडे चुकले तेव्हा तुम्ही सगळे नमुने पुन्हा तपासायला लावले होते. तेव्हा राग आला होता, पण नीट काम करायला मी तिथेच शिकले. गुणपत्रिका आणि प्रकल्पाचा अहवाल सोबत जोडला आहे. वेळ नसेल तर तसं सांगा, मी दुसरी सोय करेन."

आधीच्या पत्राला सरांनी 'हो' म्हटलं असतं, तरी कधीपर्यंत आणि कोणासाठी हे त्यांना उलट विचारावं लागलं असतं. 'अधिक माहितीसाठी मोकळ्या मनाने कळवा' हे वाक्य तिथे होतंच, फक्त ती माहिती नव्हती.

कुठे थांबावं

विनंती अर्ज, तक्रार, राजीनामा यांत ठरलेले शब्द असतात. विषय, संदर्भ क्रमांक, 'विनंती आहे की' हे तसंच ठेवा. तिथली औपचारिकता यंत्राने आणलेली नसते. मसुदा माणसाचा वाटावा म्हणून मुद्दाम चुका घालणं, वाक्यं तोडणं किंवा बोलीतले शब्द पेरणं हेही नको, कारण तोही मुखवटाच झाला. तोच मजकूर यंत्राला परत देऊन 'साधं कर' म्हटलं, तर शब्द सोपे होतील, पण २० जून आणि मातीचे नमुने त्याला कुठून माहीत असणार?

पाठवण्याआधी नावं, तारखा आणि आकडे मूळ माहितीशी ताडून पाहा, कारण वाक्यं कापताना हेच बहुतेक वेळा निसटतं. मग पत्र पाठवणाऱ्याला ओळखणाऱ्या कुणाला तरी, कुणाचं आहे हे न सांगता वाचायला द्या. त्यांनी नाव ओळखलं तर पाठवा. नाही ओळखलं, तर ते ज्या वाक्यावर थबकले, तिथून दुसरी पायरी पुन्हा सुरू करा.