डेडवेट लॉस काढताना या चुका टाळा: ताठर मागणी, लवचीक मागणी आणि तो छळणारा त्रिकोण

लातुरात अर्थशास्त्र शिकवून आणि पेपर तपासून माझे डोळे गेले, पण करामुळं समाजाचं निव्वळ किती बुडतं, म्हणजे डेडवेट लॉस किती, या प्रश्नावरच्या चुका काही बदलल्या नाहीत. पोरं बदलतात, पेनं बदलतात, चूक तीच. त्यातल्या एका चुकीचा जन्मदाता तर मीच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

सगळा करच नुकसान म्हणून दाखवणं

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर आकृती काढली. करामुळं किंमत वाढली, विक्री घटली, आणि ग्राहकाचं जेवढं गेलं तेवढा सगळा भाग मी खडूनं रंगवला आणि वर लिहिलं, 'डेडवेट लॉस'. वर्गात कुणी हूं की चूं केलं नाही. सहामाहीचे पेपर आले तेव्हा चाळीसच्या चाळीस जणांनी तोच भलामोठा आकार इमानदारीनं रंगवलेला. दहाव्या पेपरवर लाल रेघ ओढताना लक्षात आलं की ही चूक पोरांची नाही, माझ्या फळ्यावरची आहे. सगळ्यांना गुण दिले आणि दुसऱ्या दिवशी वर्गासमोर कबूल केलं.

तेव्हापासून हा धडा मी रसवंतीवर शिकवतो. बसस्टँडजवळची कुठलीही रसवंती डोळ्यांसमोर आणा, घुंगरं वाजतायत, चरकात ऊस चाललाय. समजा एका ग्लासला, मालकाची मजुरी धरून, 20 रुपये खर्च येतो आणि तो 20 लाच विकला जातो. दिवसाला 1000 ग्लास जातात. आता ग्लासमागं 4 रुपये कर लागला, भाव 24 झाला आणि विक्री 700 वर आली.

त्या 700 ग्लासांवर सरकारला 2800 रुपये मिळाले. गिऱ्हाइकाच्या खिशातून ते गेले हे खरं, पण गेले कुठं? तिजोरीत. त्यातून शाळा होईल, रस्ता होईल, नाहीतर कुणाच्या तरी घशात जाईल, तो वेगळा विषय. पैसा एका हातातून दुसऱ्या हातात गेला, नाहीसा झाला नाही. नाहीसं झालं ते, जे 300 ग्लास कुणी प्यायलंच नाही त्यांचं. एखाद्याला तो ग्लास 22 रुपयांचा वाटत होता. काढायला खर्च 20. म्हणजे 2 रुपयांचं समाधान सहज तयार होत होतं. 24 ऐकून तो पुढं गेला. त्याचे 2 रुपये ना त्याला मिळाले, ना मालकाला, ना सरकारला. कुणाच्याच वहीत न सापडणारा हा तोटा म्हणजे डेडवेट लॉस, पुस्तकी मराठीत मृतभार हानी.

आकृतीत हा तोटा त्रिकोण म्हणून दिसतो: पाया म्हणजे घटलेली विक्री, उंची म्हणजे कर, आणि क्षेत्रफळ त्यांच्या गुणाकाराच्या निम्मं. अर्ध्यानं का गुणायचं, हेही इथंच कळतं. न आलेल्यांपैकी कुणाला ग्लास जवळजवळ 24 चा वाटत होता, त्याचे जवळजवळ 4 बुडाले. कुणाला जेमतेम 20 चा, त्याचं काहीच बुडालं नाही. सरासरी 2. म्हणून 300 गुणिले 2, एकूण 600 रुपये. सूत्र पाठ असून अर्धा विसरणारे विद्यार्थी मला दरसाल भेटतात, कारण त्यांनी त्रिकोण पाहिलेला असतो, न आलेलं गिऱ्हाईक पाहिलेलं नसतं. मी आजही आकृती काढण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात एवढंच लिहितो: 'कोण आलं नाही?' आलेल्यांचा हिशोब नंतर.

आता शेजारच्या किराणा दुकानातला मिठाचा पुडा घ्या. तोही समजा 20 चा, तोही दिवसाला 1000, त्यावरही तोच 4 रुपये कर. मीठ महाग झालं म्हणून कुणी आळणी वरण खात नाही. विक्री 980 वर येईल. कर मिळाला 3920, आणि नुकसान? 20 पुड्यांमागं सरासरी 2, म्हणजे 40 रुपये. मिठावर गोळा केलेल्या रुपयामागं साधारण 1 पैसा वाया गेला, रसावर 21 पैसे. भाव वाढला तरी फारशी न घटणारी ती ताठर मागणी, रसासारखी झटकन घटणारी ती लवचीक. ताठर मागणीवर कर लावला की कार्यक्षमता कमी बुडते, याचा अर्थ एवढाच आहे: माणसं आपली वागणूक बदलत नाहीत, म्हणून न झालेले सौदे थोडे.

कर दुप्पट, नुकसानही दुप्पट, असं समजणं

रसावरचा कर 8 करा. सरळ रेषेची मागणी धरली तर विक्री 400 वर येते. कर मिळतो 3200, म्हणजे आधीपेक्षा फक्त 400 जास्त. नुकसान मात्र 600 वरून 2400. चौपट. त्रिकोणाची उंचीही दुप्पट झाली आणि पायाही. मिठाचंसुद्धा 40 चं 160 होतं, फक्त मुळात रक्कमच बारीक म्हणून टोचत नाही.

रेषा उभी दिसली की मागणी ताठर, असं ठरवणं

आकृतीचं माप बदललं की तीच रेषा उभी किंवा आडवी दिसते. पट्टी तिरकी धरली की उत्तर बदलतं, असलं शास्त्र नसतं. लवचीकता टक्क्यांत मोजा: भाव एक टक्का वाढला तर विक्री किती टक्के घटते. वरच्या उदाहरणात भाव 20 टक्के वाढला, मीठ 2 टक्के घटलं, रस 30 टक्के. मिठाची 0.1, रसाची 1.5.

वस्तूच्या कपाळावर 'ताठर' लिहिलेलं असतं, असं धरून चालणं

ही माझी दुसरी लाडकी चूक. यातही मी स्वतः सापडलो होतो. वर्गात ताठर मागणीचं उदाहरण म्हणून मी कितीतरी वर्षं डिझेल सांगायचो. गाडी चालवायची तर डिझेल लागणारच, विषय संपला.

मग एकदा भाच्याच्या लग्नासाठी हुमनाबादला निघालो, गाडी भाड्याची. उमरग्याला काटा खाली आलेला दिसला, म्हणून मी पंपाकडं बोट केलं. ड्रायव्हरनं स्टिअरिंगही वळवलं नाही. म्हणाला, "हितं कशाला सर, फुडं कर्नाटक लागतंय की. तिकडं लिटरमागं भाव कमी हाय, टाकी थितंच फुल करू." त्यानं इकडं 200 रुपयांचं टाकलं, पलीकडं पोचण्यापुरतं. माझं उदाहरण हायवेवरच पंक्चर झालं.

कारण साधं आहे. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, 2017 साली जीएसटी आला तेव्हाही ते बाहेरच ठेवलं, आणि त्यावरचा व्हॅट प्रत्येक राज्य आपापला लावतं. 'डिझेल' या वस्तूची मागणी ताठरच आहे. पण कर 'डिझेल'वर लागत नाही, 'महाराष्ट्रातल्या डिझेल'वर लागतो. आणि उमरगा, देगलूर अशा सीमेवरच्या तालुक्यांत त्याला पर्याय काही किलोमीटरवर उभा असतो. तीच वस्तू परभणीत ताठर आणि सीमेवर चांगलीच लवचीक.

इथं मात्र उत्साही विद्यार्थी उडी मारून पुढची चूक करतात. राज्याचा बुडालेला व्हॅट म्हणजे डेडवेट लॉस, असं लिहून मोकळे होतात. थांबा. आमची गाडी तशीही कर्नाटकातच चालली होती. आम्ही तितकंच डिझेल घेतलं, कर इकडच्याऐवजी तिकडच्या सरकारला दिला. महाराष्ट्राला ते झोंबेल, पण समाजाचं त्यात फारसं बुडालं नाही. खरं नुकसान सीमेजवळच्या त्या माणसाचं बघा जो मुद्दाम पेट्रोल भरायला पलीकडं जातो. समजा पाच लिटरवर त्याचे 20 रुपये वाचले आणि जाऊन यायला 15 रुपयांचं पेट्रोल आणि वेळ गेला. त्याला 5 रुपयांचा फायदा दिसतो, म्हणून तो जातो. पण त्या पेट्रोलवरचा कर वगळला तर ते 15 रुपये धुरातच गेले, कुणाच्याच तिजोरीत नाहीत. करापासून वाचायला केलेली ही धावाधाव नुकसानात धरायची असते.

माझी सवय सांगतो. 'ताठर' हा शब्द लिहिण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो: कर नेमका कशावर आहे, कुठं आहे, आणि माणसाला सवय बदलायला किती दिवस मिळतायत. आज पेट्रोल महागलं तर माणूस गपगुमान भरतो. चार वर्षांनी तो ई-स्कूटर घेतो, आणि आज बारीक दिसणारा त्रिकोण तेव्हा फुगलेला असतो.

'मग मिठावरच कर लावा' हा निष्कर्ष

1927 साली फ्रँक रॅमझी या केंब्रिजच्या गणितज्ञानं ठरावीक रक्कम गोळा करायची तर नुकसान कमीत कमी कसं ठेवायचं, याचं उत्तर काढलं. वय अवघं 24. त्यातून आलेला नियम आपण शिकवतो: मागणी जितकी ताठर, तितका कराचा दर जास्त ठेवा. घाईतली पोरं इथंच पुस्तक मिटतात. पण गरिबाचा रुपया आणि श्रीमंताचा रुपया त्या गणितात सारखाच मोजलाय, हे त्यांनी वाचलेलंच नसतं.

ऊसतोडीला जाणारं कुटुंब आणि चार ट्रॅक्टरवाला बागायतदार, दोघांच्या घरात मीठ जवळपास सारखंच लागतं. वरच्या हिशोबातले 3920 रुपये दोघांकडून सारखेच येतील, पण कमाईच्या मानानं पहिल्याला ते कितीतरी पटीनं जड. त्रिकोण 40 रुपयांचाच राहील, त्यात हे जडपण दिसणारच नाही, कारण त्रिकोण ते मोजतच नाही. 1930 ला दांडीला निघालेल्यांची तक्रार या त्रिकोणाबद्दल नव्हती. आज मिठावर जीएसटी शून्य आहे, तोही याच जडपणामुळं. उत्तरात 'कार्यक्षमतेच्या दृष्टीनं' हे शब्द लिहा, आणि न्यायाचा मुद्दा वेगळ्या परिच्छेदात मांडा. दोन्ही एका वाक्यात कोंबलेत तर मी तरी गुण कापतो.

पुरवठा विसरणं

'ताठर म्हणजे कमी नुकसान' एवढी एक ओळ पाठ करून आलेल्यांना मी कोथिंबिरीचा प्रश्न देतो. आठवडी बाजारात शेतकऱ्यानं 200 जुड्या आणल्यात. संध्याकाळपर्यंत विकायच्याच, परत नेल्या तर बैलापुढं. जुडीमागं 2 रुपये कर लागला. गिऱ्हाईक लवचीक आहे, महाग असली तर कोथिंबिरीविना भाजी करेल. मग नुकसान मोठं? नाही. माल तेवढाच आहे, त्यामुळं भाव शेतकऱ्याला 2 रुपयांनी उतरवावाच लागतो. गिऱ्हाइकाला जुडी पूर्वीच्याच भावात मिळते, 200 च्या 200 विकल्या जातात. कराचा सगळा भार शेतकऱ्यावर, आणि त्रिकोण त्या दिवसापुरता शून्य. लवचीकता दोन्ही बाजूंची बघायची असते, कुठलीही एक बाजू पूर्ण ताठर असली की विक्री हलत नाही.

आणि बाजारात बसण्यासाठी जी ठरावीक पावती फाडतात, ती यात धरू नका. 10 जुड्या विका की 200, पावती तेवढीच, म्हणून पुढची जुडी विकायची की नाही याच्याशी तिचा संबंध नाही.

जुडीमागचा कर मात्र टिकून राहिला तर पुढच्या हंगामात तोच शेतकरी कोथिंबिरीचा वाफा मोडून तिथं मेथी टाकेल, बाजारात 200 च्या जागी 120 जुड्या येतील, आणि त्या दिवशी शून्य असलेला त्रिकोण तेव्हा काढावा लागेल.