“करंट सीटीसी किती?” याला काय उत्तर द्यायचं

हिंजवडी-खराडीतल्या कंपनीसाठी पहिला फोन आला की रिक्रूटर तीन गोष्टी हमखास विचारतो: करंट सीटीसी, म्हणजे कंपनी सध्या वर्षाला तुमच्यावर करते तो एकूण खर्च, एक्स्पेक्टेड सीटीसी आणि नोटिस पीरियड. पहिल्याच प्रश्नाला नवखा उमेदवार अडखळतो. आकडा सांगितला की त्यावर ठरावीक टक्के चढवून ऑफर येणार, ही त्याची धास्ती. ती खोटी नाही, बऱ्याच ठिकाणी हिशोब तसाच होतो.

म्हणून फोन येण्याआधी स्वतःचा आकडा नीट माहीत करून घ्या. समजा, टेस्टिंगमधल्या तीन वर्षं अनुभवाच्या मुलीचा सीटीसी ८ लाख ४० हजार आहे. त्यात ८४ हजार व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग. बेसिक महिना ३५ हजार, म्हणजे कंपनीच्या वाट्याचा पीएफ बारा टक्क्यांनी वर्षाला ५०,४०० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण २०,२००. हे सगळं वजा केलं की पगाराच्या स्लिपवरचा ग्रॉस उरतो ६ लाख ८५ हजारांच्या आसपास. तिचा स्वतःचा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स कापून महिन्याला हातात येतात सुमारे ५२,७००. “पगार किती?” म्हटल्यावर तिनं हा हातातला आकडा बाराने गुणून सांगितला, तर समोरचा तो सीटीसी समजून लिहितो आणि दोन लाख तिथंच पाण्यात जातात. नवख्यांचं सर्वांत मोठं नुकसान इथं होतं, आकडा उघड केल्यामुळे नव्हे.

दुसरं, नोकरी डॉट कॉमवरचं स्वतःचं प्रोफाइल उघडून बघा. तिथं पगार भरलेला असेल तर तो रिक्रूटरच्या स्क्रीनवर आधीच दिसतोय. मग “ते गोपनीय आहे” म्हणणं हास्यास्पद ठरतं. त्यातून तो आकडा गेल्या वर्षीचा असेल, तर तुमच्या हिशोबाला सुरुवातच खालून होते.

आता प्रत्यक्ष फोन. पहिल्यांदा विचारलं की अपेक्षा पुढे करायची: “या रोलसाठी मी साडेदहा ते साडेबारा लाख फिक्स्ड बघतेय. तुमचं बजेट यात बसतं का?” यात आकडा आहे, त्यामुळे टाळल्यासारखं वाटत नाही. रिक्रूटरला मुळात हेच हवं असतं, की पुढं बोलण्यात अर्थ आहे का. “कंपनीच्या नियमानुसार द्या” किंवा “निगोशिएबल आहे” यातून त्याला काहीच मिळत नाही, आणि तो तसाच वैतागतो. मात्र रेंज हवेतली नको. त्याच कामावर असलेल्या दोन-चार जणांना विचारून काढलेली असावी, आणि तिचं खालचं टोकही तुम्हाला खरंच चालणारं असावं, कारण ऑफर बहुतेक वेळा त्याच टोकाला चिकटते.

काही जण तिथंच थांबतात. काही पुन्हा विचारतात: “मॅडम, करंट सांगा ना, सिस्टीममध्ये भरायचंय.” विशेषतः कन्सल्टन्सीचा फोन असेल तर त्यांच्या एक्सेल ट्रॅकरमध्ये तो रकाना असतो, आणि रिकामा राहिला तर प्रोफाइल पुढे जात नाही. दुसऱ्यांदा विचारल्यावर ताणू नये. “एकूण सीटीसी आठ लाख चाळीस, त्यात दहा टक्के व्हेरिएबल. पण माझी अपेक्षा रोलच्या हिशोबाने आहे, साडेदहाच्या खाली मी बदलणार नाही.” एवढं बोलून गप्प बसायचं. हातात किती येतात, घराचा हप्ता किती, दुसरीकडे ऑफर किती, यातलं काही आपणहून सांगायची गरज नाही.

आकडा फुगवायचा मात्र नाही. ऑफरच्या आधी किंवा रुजू होताना गेल्या तीन महिन्यांच्या स्लिप मागतात, काही जण फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुकही मागतात. पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जात असेल, तर पासबुकातल्या रकमेवरून बेसिक उलटा काढता येतो. फरक सापडला की ऑफर मागे घेतली जाऊ शकते, आणि तोवर तुम्ही जुन्या ठिकाणी राजीनामा देऊन बसलेले असता.

वाढ तोंडावर असेल तर ती चालू पगारात मिसळू नका. “एप्रिलमध्ये इन्क्रिमेंट आहे, पत्र अजून हातात नाही,” असं वेगळं सांगा. रिटेन्शन बोनसचंही तसंच: मुदतीआधी सोडल्यास तो परत करावा लागणार असेल तर ती रक्कम आत्ताच कानावर घाला, म्हणजे जॉइनिंग बोनस मागायला आधार राहतो.

फोन ठेवल्यावर ठरलेली रेंज आणि सांगितलेला सीटीसी दोन ओळींत मेल करा. पुढच्या फेरीत दुसरा एचआर तोच प्रश्न पुन्हा विचारतो, तेव्हा आकडा तोच निघायला हवा.